उघडी भट्टी

शशिधर वर्षातून एकदाच फौंड्रीत यायचा, तेही जेवणाच्या वेळेला. खंडेनवमीची पूजा सकाळी दहाला व्हायची. हा उगवायचा साडेबारानंतर, पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या शर्टात. फौंड्रीत पांढरा शर्ट घालून येणारा माणूस एक तर इन्स्पेक्टर असतो किंवा भागीदार. दोघंही यंत्राला हात लावत नाहीत आणि दोघांनाही जाताना काहीतरी हवं असतं.

यंदा मात्र तो पावणेदहालाच हजर झाला. गेटवर नारळाचं पोतं उतरवून घेत असलेल्या पिराजी फोरमननं घड्याळ बघितलं, गाडी बघितली आणि परत घड्याळ बघितलं.

"मालक, जेवाण अजून गाडीतच हाय की," तो म्हणाला.

"जेवायला आलो नाही मी," शशिधर म्हणाला. "पाव्हणे येणार आहेत. आत सगळं चकाचक आहे ना?"

"चकाचक?" पिराजी हसला. "फौंड्री हाय मालक, दवाखाना न्हवं."

ही फौंड्री बाळाप्पांनी शिरोलीच्या एमआयडीसीत उभी केली. सुरुवातीला तेलाच्या इंजिनांचे पार्ट ओतायचे, मग ट्रॅक्टरचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि भागीदारीचे तीन वाटे झाले. थोरल्या शशिधरला चाळीस टक्के, धाकट्या शिवलीलाला चाळीस, आणि त्यांच्या आईला, शांतव्वांना, वीस. शिवलीला मेटलर्जी शिकलेली. बापाच्या हाताखाली दहा वर्षं वाळू आणि धूर खाऊन ती आता फौंड्री चालवत होती. शशिधरचं शहरात टाइल्सचं दुकान. बापानं लिहून ठेवलं होतं की पाच लाखांवरच्या कुठल्याही चेकवर दोन भागीदारांच्या सह्या लागतील. एका घरात दोन मुलं झाल्यावर हिशेबी माणूस दुसरं काय लिहिणार?

वीस टक्क्यांचा वाटा दिसायला बारका. पण चाळीस इकडं आणि चाळीस तिकडं असले की तराजूचा काटा त्या विसांच्या हातात असतो. शांतव्वांना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून कळत होतं.

शशिधरच्या हातात आज एक कागद होता. त्यानं तो पंधरा दिवसांपूर्वी स्वतः तयार केला होता, आणि इतक्या प्रेमानं, की आपल्या मुलाचं प्रगतिपुस्तकही त्यानं कधी एवढं निरखलं नसेल. वर्षाचा नफा, कर भरून, नव्वद लाख. त्यात घसारा मिळवायचा चाळीस लाख. बेरीज एक कोटी तीस. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'मोकळा पैसा'.

हा कागद त्यानं बहिणीला आधी दाखवला होता. ती तो दारातच उभ्या उभ्या वाचून म्हणाली होती, "अण्णा, घसारा का मिळवलास?"

"कारण तो कागदावरचा खर्च आहे. घसाऱ्याचा चेक कुणाला फाडतो आपण? कुणालाच नाही. म्हणजे पैसा घरातच आहे."

"बरोबर."

"बघ! कबूल केलंस."

"अर्धं कबूल केलं. घसाऱ्याचा चेक फाटत नाही, पण भट्टी झिजते ती खरी झिजते. आज नाही फाटला तर पाच वर्षांनी एकदम मोठा फाटतो. तू घसारा मिळवलास. मग भट्टी परत उभी करायला लागणारे वजा कुठं केलेस?"

"भट्टी चालते ना? मग?"

"बैलही चालतो मरायच्या आदल्या दिवसापर्यंत."

त्यावर शशिधर हसला होता आणि कागद खिशात घालून म्हणाला होता, "नवमीला पाव्हणे येतील. निपाणीकडचे मृत्युंजय. त्यांच्या तीन फौंड्र्या आहेत, चौथी घ्यायचीय. धंद्यात दरवर्षी मोकळा पैसा किती उरतो बघतात आणि त्याच्या सहापट देतात. एक तीसचे सात ऐंशी. सात कोटी ऐंशी लाख, लीला! तुझे त्यातले तीन कोटी बारा लाख. तू फक्त त्या दिवशी गप्प बस."

"आणि बसले नाही तर?"

"तर एक कोटी तीस वाटायचे. माझे बावन्न लाख दे, आणि मग तुझी भट्टी आणि तू."

बावन्न लाखांची घाई कशाची हे तो सांगत नव्हता, पण गावाला माहीत होतं. गारगोटी रोडला त्यानं लग्नाच्या लॉनसाठी जागा बघितली होती, अकरा लाख टोकन देऊन बसला होता आणि दिवाळीच्या आत चाळीस लाख भरायचे होते. नाही भरले तर अकरा बुडणार. माणूस बावन्नाच्या स्वप्नानं जेवढा पळत नाही, तेवढा अकरा बुडायच्या भीतीनं पळतो.

आणि नवमी त्यानं मुद्दाम निवडली होती. दिवस शुभ. यंत्रांची पूजा असते, सगळं धुतलेलं, पुसलेलं, झेंडूनं मढवलेलं असतं. मुलगी दाखवायला सणाचा दिवस काढतात ना, तसं. त्यानं आदल्या दिवशी मार्केट यार्डातून झेंडूच्या दोन मोठ्या पाट्या पाठवल्या होत्या आणि सोबत निरोप: भट्टी पूर्ण झाकली पाहिजे.

इथंच त्याचा हिशेब चुकला. वर्षातून एकदा साडेबारानंतर येणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. वर्षभर भट्टीत लोखंडाचा रस असतो, नाहीतर ती तापलेली असते. आत डोकावायची सोय नसते. पण नवमी-दसऱ्याला दोन दिवस काम बंद. मग फौंड्रीवाले ही सुट्टी वाया घालवत नाहीत. आदल्या दिवशी भट्टी रिकामी करून थंड करतात, आतलं जुनं पांढरं अस्तर फोडून काढतात, पूजेला सांगाडा तसाच उघडा ठेवतात आणि दसऱ्याला नवं अस्तर ठोकून बसवतात. म्हणजे वर्षात ज्या एका दिवशी भट्टीची आतडी दिसतात, नेमका तो दिवस शशिधरनं शुभ म्हणून काढला होता.

तो आत गेला आणि थबकला. लोखंडी पायऱ्या चढून भट्टीच्या ओट्यावर गेला, वाकून बघितलं. अस्तर नव्हतं. आत गोल गोल गुंडाळलेली तांब्याची जाड नळी दिसत होती, जिच्यातून वीज जाते आणि जी जळू नये म्हणून तिच्या पोटातून पाणी फिरतं. कॉईल. ती एकसारखी तांबूस असायला हवी. पण जागोजागी पितळी डाग होते, जुन्या चपलेला ठिगळं लावावीत तसे. झेंडूच्या पाट्या खाली तशाच पडल्या होत्या.

"हे काय?" तो ओरडला. "लीला! पूजेच्या दिवशी भट्टी फोडून ठेवलीस?"

शिवलीला पूजेचं ताट घेऊन येत होती. "दर वर्षी फोडतो. तू तेव्हा वाटेत असतोस."

"माळा का नाही घातल्या? मी दोन पाट्या पाठवल्या!"

"घातल्यात की. मोल्डिंग मशीनला, कंप्रेसरला, क्रेनला. भट्टीला एकच घातलीय, बाहेरनं."

"पूर्ण झाक म्हटलं होतं मी."

"व्हय, म्हटलं होतंस," ती म्हणाली आणि ताट ओट्यावर ठेवलं. "नाही झाकणार."

दोन शब्द. मोठ्यानं नाही म्हणाली, पण रांगोळी काढणाऱ्या बायांचे हात थांबले.

शशिधरनं खाली येऊन स्वतःच एक पाटी उचलली आणि पायऱ्या चढायला लागला. पांढऱ्या शर्टावर झेंडूचा पिवळा रंग लागला. तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.

पाहुणे आले ते एकटेच, एका साध्या राखाडी गाडीतून. पन्नाशीचे, खाकी पँट, पायात फौंड्रीवाले घालतात तसे जाड बूट. मृत्युंजयांचे बूट बघून शिवलीलाला बरं वाटलं आणि शशिधरला नाही वाटलं. शांतव्वा त्याच वेळी रिक्षातून उतरत होत्या, कटाच्या आमटीची किटली छातीशी घट्ट धरून. मृत्युंजयांनी वाकून नमस्कार केला, "शरणु अव्वा," म्हणाले, आणि किटली स्वतः घेतली. दोन मिनिटं दोघांचं कन्नडमध्ये चाललं, कुठलं गाव, कुठला मठ, कुणाची सोयरीक. शांतव्वा खूश. शशिधरलाही जरा धीर आला. किटली धरणारा माणूस भट्टीत डोकावणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

पूजा झाली. बाळाप्पांपासूनचा रिवाज होता: पहिला निवद भट्टीला, मग कामगारांना, मग मालकांना. शांतव्वांनी केळीच्या पानावर होळगी, म्हणजे पुरणपोळी, आणि तुपाची वाटी ठेवून भट्टीपुढं मांडली. मृत्युंजय हात जोडून उभे होते. हात जोडलेले, पण डोळे कॉईलवर.

"चढू का वर?" त्यांनी विचारलं.

"काय गरज नाही हो," शशिधर लगबगीनं म्हणाला. "धूळ आहे, कपडे खराब होतील. ऑफिसात बसू. आकडे बोलू."

"आकडे मी वाचलेत," मृत्युंजय म्हणाले. "आता भट्टीला विचारतो, ते खरे हायत का."

ते वर गेले, मांडी घालून बसले आणि बॅटरी काढली. एकेक वेटोळं बघत गेले. पिराजी शेजारी उभा, मान खाली, स्वतःच्या कपड्यावर डाग सापडल्यासारखा.

"डाग तुम्हीच दिलं का?"

"व्हय पावणं. गळती लागली की देतो. काय करणार?"

"हात चांगला हाय तुमचा," मृत्युंजय म्हणाले. "म्हणून इतकी टिकली." मग उठून खाली आले, रुमालानं हात पुसले. "शशिधर, तुमच्या कागदावर मोकळा पैसा एक कोटी तीस लिहिलाय. त्यात यंत्रावर टाकलेले किती वजा केले?"

"काहीच टाकले नाहीत यंदा," शशिधर म्हणाला, आणि हे त्याच्या आवाजात गुणासारखं निघालं. "खर्चावर कडक नियंत्रण."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही नाही."

"त्याच्या आदल्या?"

शशिधर छताकडं बघायला लागला.

मृत्युंजय हसले, पण वाईट हसले नाहीत. "तीन वर्षं घरात तांदूळ आणला न्हाय, तर किराणा वाचतो. माणसं बी वाचतात का बघायचं असतं." मग ते शिवलीलाकडं वळले. "अक्का, चालवता तुम्ही. तुम्ही सांगा. भट्टीचं, यंत्रांचं सगळं देऊन झाल्यावर खरंच हातात किती राहतात?"

आता इथं जरा थांबून त्या बाईच्या पदरात काय होतं ते बघू. गप्प बसली तर तिचे तीन कोटी बारा लाख. बोलली तर काय मिळेल याचा आकडा नव्हता. शशिधर तिच्याकडं बघत होता, नजरेनं अक्षरशः हात जोडून. शांतव्वा होळग्यांच्या डब्यापाशी बसल्या होत्या, पण हात थांबला होता.

"बावीस लाख," शिवलीला म्हणाली.

"लीला!"

"बावीस. कसे ते सांगते, पावणं. नफा नव्वद, घसारा चाळीस, इथपर्यंत अण्णाचा कागद बरोबर. एक कोटी तीस. पण आमचं मोठं गिऱ्हाईक ट्रॅक्टरवाला. महिन्याला पंचेचाळीस लाखांचा माल नेतो. आधी दोन महिन्यांनी पैसे द्यायचा, यंदापासून तीन महिन्यांनी देतो. म्हणजे एका महिन्याचे पंचेचाळीस लाख कायमचे त्याच्याकडं अडकले. नफ्यात दिसतात, बँकेत नाहीत. राहिले पंच्याऐंशी."

"बरोबर," मृत्युंजय म्हणाले.

"कॉईल, पॅनेल, पाण्याची लाईन, सगळं नवं बसवायचं कोटेशन अठ्ठेचाळीस लाखांचं. वाळूचा प्लांट पंधरात नीट होतो. त्रेसष्ट. पंच्याऐंशीतून त्रेसष्ट गेले. बावीस."

"कर्ज?"

"रुपयाचं नाही. अप्पांनी काढलं नाही, मीही काढलेलं नाही."

"म्हणजे बावीस तुमचे. मोकळे. कुणाचा हात नाही त्यावर." त्यांनी मान हलवली. "दरवर्षी बावीसच उरतील असं न्हाय हां, शशिधर. भट्टी एकदा नवी झाली की पुढची काही वर्षं एवढं टाकावं लागणार न्हाय, जास्त उरतील. धंदा वाईट न्हाय तुमचा. चांगला हाय. पण कागद वाईट हाय. तुम्ही मला न झिजणाऱ्या भट्टीची किंमत सांगितली. तशी भट्टी माझ्या तिन्ही फौंड्र्यांत एकही न्हाय."

"मग तुम्हीच आकडा सांगा ना," शशिधर म्हणाला. कपाळावर घाम, शर्टावर झेंडू. "सात ऐंशी नको. थोडं कमी करू."

"आज न्हाय. आज मी काय घेणार? फुलं घातलेला खर्च." मृत्युंजय शिवलीलाला म्हणाले, "नवी कॉईल बसू दे, वर्षभर चालू दे, मग परत येतो."

"या," ती म्हणाली. "चहा मिळेल. फौंड्री मिळणार नाही."

मृत्युंजय खो खो हसले. शांतव्वांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोन होळग्या, वर तूप, कट वाटीभर. व्यवहार फिसकटलेला पाहुणा एवढा पोटभर जेवताना कोल्हापुरातही क्वचित दिसतो. जाताना त्यांनी पिराजीला हळूच विचारलं, निपाणीला येणार का, पगार वाढवून देतो. पिराजी म्हणाला, "माझ्या डागांवर विश्वास बसला न्हाय आणि माझ्यावर बसला व्हय?" त्यावर दोघंही हसले आणि गाडी गेली.

गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत शशिधरनं आवाज चढवला.

"तीन कोटी लाथाडलेस तू. स्वतःचे लाथाडलेस ते लाथाड, माझे कुणी सांगितले होते? अव्वा, ऐकतेस का? ही मला भिकेला लावणार!"

"ओरडू नको. कामगार जेवायलेत," शांतव्वा म्हणाल्या.

"ठीक. विकायचं नाही ना? मग वाट. एक तीस नाहीत म्हणतेस, बरं. पंच्याऐंशी तर बँकेत आहेत, तूच बोललीस पाव्हण्यापुढं. पंच्याऐंशीतले माझे चौतीस दे. आत्ता."

"आणि भट्टी?"

"पुढच्या वर्षी करू भट्टी."

"गेल्या वर्षी पण तू हेच म्हणालास," शिवलीला म्हणाली. "अप्पा दरवर्षी घसाऱ्याएवढे पैसे भट्टीच्या नावानं ठेवीत घालायचे. आठवतं? तू म्हणालास, यंत्राच्या नावावर एफडी कसली, पैसा सडतोय. मोडली आपण. तू दुकान वाढवलंस. अव्वानं मठात दासोहाचं, अन्नदानाचं घर बांधलं. मी पण माझा वाटा घेतला, सही केली. तिघांनी मिळून भट्टी खाल्ली. यंदा परत खायला ती उरलेली नाही."

"तुला काय, तुझा दरमहा पगार चालू आहे!"

"चालू आहे. उद्यापासून तू घे तो. सकाळी सातला ये, संध्याकाळी सातला जा, पगार तुझा." ती त्याच्याजवळ गेली. "आणि चौतीस पाहिजेत ना? देते. अव्वाच्या देखत देते. आज चेक लिहिते. फक्त एक कर. परवा नवं अस्तर बसल्यावर एक नंबर भट्टी पेटेल. ह्या कॉईलनं. पहिल्या हीटला, पहिला रस होईपर्यंत, ह्या ओट्यावर, पिराजीच्या जागेवर तू उभा राहा. एकच हीट. पाऊण तास."

शशिधरनं शर्टाची बाही झटकली.

"पाणी कॉईलमधनं गळून रसात गेलं तर काय होतं, तुला माहीत आहे. अप्पांनी दोघांना दाखवलं होतं, लहानपणी, दुसऱ्याच्या फौंड्रीतलं उडालेलं छप्पर. तू रडलास. मी नाही."

"उगाच भीती घालू नको," शशिधर म्हणाला, पण ओट्याकडं न बघता. "आजवर पिराजी उभा राहतोच की."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ते परत घेण्यासारखं आहे हे त्यालाही कळलं. पिराजी पंगतीत बसून जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण घास तोंडाजवळ थांबला.

शांतव्वा उठल्या. गुडघा धरून, हळू. लेकाजवळ जाऊन त्याच्या शर्टावरचा झेंडूचा डाग पदरानं पुसायला लागल्या. तो निघत नव्हता, उलट पसरत होता.

"शशी, टोकन किती दिलास?"

"अव्वा, ते..."

"अकरा ना? सगळ्या गल्लीला माहीत हाय, मलाच न्हाय सांगितलास." त्यांनी पदर सोडला. "अकरा बुडतील म्हणून चौतीस मागतोस. आणि चौतीसच्या पायी हे सगळं बुडलं तर? तेव्हा कुणाकडं मागशील?"

"भट्टी उडणार नाही अव्वा! इतकी वर्षं..."

"न उडू दे. उडणार न्हाय म्हणतोस तर उभा राहा की. व्हय म्हण, मी आत्ता तुझ्या चेकवर सही करते."

सगळी पंगत ऐकत होती. फौंड्रीत एरवी इतकी शांतता फक्त वीज गेल्यावर होते. शशिधरनं ओट्याकडं बघितलं. पायऱ्या सात होत्या. मघाशी पाटी घेऊन तो त्यातल्या चार चढला होता, आता एकही चढेना.

"लीला," शांतव्वा म्हणाल्या, "भट्टीवाल्याला आधी किती द्यायचेत?"

"चौदा लाख चाळीस हजार. बाकीचे माल आल्यावर."

"चेक?"

"पर्समध्ये आहे. माझी सही आहे त्यावर. महिनाभर आहे."

"महिनाभर?" शांतव्वांनी तिच्याकडं बघितलं. "आणि मला विचारायला आज आलीस?"

"तू नाही म्हणशील वाटलं. अण्णा तुझा लाडका."

"लाडका हाय की. हाय म्हणून तर चार शिव्या कमी घातल्या. आण."

शिवलीलानं ओट्याच्या कडेवर चेक ठेवला, भट्टीपुढच्या केळीच्या पानाशेजारी. शांतव्वांनी कन्नडमध्ये सही केली, गोल गोल, सावकाश. बँकेतला नवा साहेब दरवेळी नमुना दोनदा ताडून बघायचा अशी. बोटाचं कुंकू चेकच्या कोपऱ्याला लागलं.

"खराब झाला का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," शिवलीला म्हणाली. "चालला नाही तर दुसरा लिहिते."

शशिधर मागं उभा होता. "नवी कॉईल यायला अडीच महिने लागतात," तो म्हणाला. "तोवर? ट्रॅक्टरवाल्याचा माल कोण देणार?"

"एक नंबर बंद. आजपासून. दोन नंबरची धाकटी भट्टी आहे, तिच्यावर जेवढं होतं तेवढं. माल थोडा उशिरा जाईल."

"म्हणजे धंदा कमी. पुढच्या वर्षी बावीस पण नाही राहणार."

"नाही राहणार. पंधरा राहतील. कदाचित बाराच."

"आणि मग?"

"मग बारा वाटू. भट्टीला देऊन जे राहतं तेवढंच आपलं, अण्णा. त्याच्या आधीचं जे दिसतं ते तिचं. तू कितीही ठळक अक्षरात लिही."

शशिधरनं खिशातला कागद काढला. फाडेल असं वाटलं, फाडला नाही. घडी घातली, परत खिशात ठेवला. व्यापारी माणूस चुकीचा हिशेबही लगेच टाकून देत नाही.

"वकिलाकडं जाईन मी," तो म्हणाला. "भागीदारी मोडायची नोटीस देईन."

"दे. पत्ता हाच आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात मी इथंच असते, हातात देऊन पोच घे." शिवलीलानं ताटातली होळगी उचलून पत्रावळीवर ठेवली, वर तुपाची धार सोडली आणि त्याच्यापुढं धरली. "आठ लाख ऐंशी हजार होतात तुझे, बाविसातले. दसरा झाला की पाठवते. तुझं टोकन वाचणार नाही त्यात, मला माहीत आहे. आत्ता हे घे. साडेबारा वाजले."

त्यानं पत्रावळी ओढून घेतली. मग जाऊन पंगतीच्या टोकाला बसला, पिराजीपासून दोन माणसं सोडून. रागानं खाल्लं. पण दुसरी होळगी मागून घेतली.

पिराजी जेवून उठला, हात धुतले आणि सरळ ओट्यावर गेला. एक नंबरच्या पॅनेलचा मोठा खटका त्यानं खाली ओढला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली आणून शिवलीलाच्या हातात दिली. मग झेंडूची पडून राहिलेली पाटी उचलली.

"ह्या फुलांचं काय करू, अक्का?"

तिनं उघड्या कॉईलकडं बघितलं, डाग दिलेल्या, झिजलेल्या, तीन वर्षं सगळ्या घराला पोसलेल्या.

"आता घाल तिला," ती म्हणाली. "सगळी घाल. पण आत दिसलं पाहिजे."